विभागांचा क्रम बदलताना: सहलेखकांना लिहिलेल्या एका ईमेलची हकीकत

१२ ऑगस्ट २०२५ ला जर्नलचं उत्तर आलं. मेजर रिव्हिजन, मुदत साठ दिवसांची, म्हणजे ११ ऑक्टोबरपर्यंत. पेपर ठाणे खाडीच्या गाळातल्या जड धातूंवरचा. लेखक आम्ही पाच जण: नेरूळला राहणारे माझे निवृत्त मार्गदर्शक सर, वाशीच्या रसायनशास्त्राच्या मॅडम, पुण्यातला संख्याशास्त्रज्ञ मित्र, ऐरोलीकडून होडी काढून नमुने आणणारा तरुण सहकारी आणि मी. पहिली लेखिका मी आणि जर्नलशी पत्रव्यवहारही माझ्याकडे, त्यामुळे पुढचं पाऊल मलाच उचलायचं होतं.

समीक्षकांचे बरेच मुद्दे किरकोळ होते. दुसऱ्या समीक्षकाचा तिसरा मुद्दा मात्र पेपरच्या मुळालाच हात घालणारा होता. त्यांनी विचारलं होतं की, खाडीच्या वरच्या भागात धातू जास्त दिसतात ते प्रदूषणामुळेच कशावरून, तिथला गाळच जास्त बारीक असेल तर? प्रश्न रास्त आहे. बारीक मातीच्या कणांना त्यांच्या वजनाच्या मानाने पृष्ठभाग खूप असतो आणि धातू त्या पृष्ठभागाला चिकटतात. त्यामुळे एकाच पाण्याखालच्या दोन जागांपैकी एकीकडे वाळू आणि दुसरीकडे चिकट गाळ असेल, तर गाळाच्या जागी धातू आपोआप जास्त भरतात. म्हणून तुलना करताना प्रत्येक धातूचं अॅल्युमिनियमशी गुणोत्तर काढतात. अॅल्युमिनियम मातीच्या खनिजातूनच येतं, त्यामुळे बारीक कणांचं प्रमाण त्यावरून कळतं.

हे सगळं आम्ही केलेलं होतं. कणांचा आकार मोजला होता, ६३ मायक्रॉनखालचा भाग वेगळा काढला होता, अॅल्युमिनियमशी गुणोत्तरंही काढली होती. पण ते आमच्या रिझल्ट्सच्या ३.६ मध्ये होतं. त्याआधी ३.१ ते ३.५ मध्ये जस्त, तांबं, शिसं, क्रोमियम, निकेल असे एकेक धातू येऊन गेले होते. पाच उपविभाग वाचेपर्यंत समीक्षकाच्या मनात शंका पक्की झाली आणि उत्तर समोर आलं तेव्हा त्याला ते उत्तर वाटलंच नाही. समीक्षक जे मागतो आहे ते पेपरमध्ये आधीच असेल, तर दोन ओळी वाढवून काम भागत नाही. मजकुराची जागा चुकलेली असते. या एका मुद्द्यावरून मी ठरवलं की नवीन परिच्छेद लिहिण्याआधी क्रमाकडे बघायचं.

ठाणे स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात पेपरची एकेरी छापील प्रत काढली, पानाला दोन रुपये. स्क्रीनवर हे काम होत नाही, असं माझं मत झालं आहे. प्रत्येक परिच्छेदाच्या समासात एकच वाक्य लिहिलं: हा परिच्छेद वाचकाला काय सांगतो. परिच्छेद कशाबद्दल आहे ते लिहायचं नाही, काय सांगतो ते लिहायचं. ‘शिशाबद्दल’ असं लिहिलं तर काहीच कळत नाही. ‘वरच्या तीन ठिकाणी शिसं जास्त, पण गुणोत्तर काढल्यावर एकाच ठिकाणी जास्त’ असं लिहिलं की तो परिच्छेद कुठे बसला पाहिजे ते दिसायला लागतं. मग समासातली वाक्यं सलग वाचली.

त्यातून दिसलं की ३.१ ते ३.५ आणि डिस्कशनमधले ४.१ ते ४.५ एकाच साच्याचे होते. प्रत्येक धातूची गोष्ट दोनदा, आणि पाचही धातूंची गोष्ट जवळजवळ एकच. त्यामुळे क्रोमियम आणि तांब्याचं जे खरं वेगळेपण होतं ते दबून गेलं होतं. खाडीचं वर्णनही दोनदा होतं, इंट्रोडक्शनच्या १.२ मध्ये आणि मेथड्सच्या २.१ मध्ये. २०१५ चं फ्लेमिंगो अभयारण्य, २०२२ चा रामसर दर्जा, ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा, हे सगळं दोन्हीकडे आलेलं. आणि डिस्कशनच्या शेवटी एक परिच्छेद असा निघाला की त्याला कुठेच जागा देता येईना. कोअरमध्ये, म्हणजे गाळात नळी खुपसून काढलेल्या उभ्या नमुन्यात, वरच्या थरात धातू वाढलेले दिसतात ते औद्योगिक पट्टा सुरू झाल्यापासून, असं त्यात म्हटलं होतं. आमच्या कोअरचं वय शिसं-२१० या किरणोत्सारी समस्थानिकाने काढलेलं नाही. खोली सेंटिमीटरमध्ये माहीत आहे, वर्षांमध्ये नाही. त्यामुळे ते वाक्य कशाच्याच आधाराने उभं नव्हतं.

आता प्रश्न होता तो माणसांचा. सगळ्यांना एकदम मसुदा पाठवून ‘बघा आणि सुधारा’ म्हटलं, तर चार फायली परत येतात आणि त्यातल्या तीन जुन्या क्रमाच्या असतात. शिवाय एखाद्याने लिहिलेला उपविभाग नाहीसा होतो आहे हे त्याला फाईल उघडल्यावर कळणं बरं नाही. म्हणून आधी ईमेल लिहायचा, फक्त रचनेबद्दल, आणि त्यात मसुदा जोडायचाच नाही, असं ठरवलं.

ईमेलच्या आधी मी सरांना भेटायला नेरूळला गेले, कारण १.३ हा भूशास्त्राचा भाग त्यांचा होता आणि माझ्या आराखड्यात त्याची पाच परिच्छेदांवरून एका परिच्छेदावर रवानगी होत होती. बाकीचं पुरवणीत. ट्रान्स-हार्बरच्या गाडीत मी त्याचंच वाक्य मनात जुळवत होते. सरांनी समासातल्या नोंदी वाचल्या, चष्मा काढला आणि म्हणाले, “मजकूर हलव, माझी हरकत नाही. पण बेसॉल्टचं वाक्य पुरवणीत टाकू नकोस. पार्श्वभूमीचा आकडा त्यावरच ठरतो. ते मेथड्समध्ये घे, जिथे आपण तो आकडा निवडतो तिथे.”

हा मुद्दा माझ्या आराखड्यात नव्हता आणि तो फार मोलाचा निघाला. धातू ‘जास्त’ आहेत म्हणताना ते कशापेक्षा जास्त, यासाठी एक पार्श्वभूमी धरावी लागते. बरेच जण जगभरच्या शेल खडकाची सरासरी धरतात, ज्यात तांबं दर किलोला ४५ मिलिग्रॅम आहे. आपल्याकडच्या दख्खनच्या बेसॉल्टमध्ये तांबं मुळातच त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त असतं आणि खाडीत येणारी माती त्याच खडकाची. शेलच्या सरासरीशी तुलना केली, तर कारखान्याचा थेंबही न पडलेली माती तांब्याने दूषित ठरेल. आम्ही स्थानिक कोअरचा सगळ्यात खालचा थर पार्श्वभूमी म्हणून वापरला होता, पण त्याचं कारण इंट्रोडक्शनमध्ये होतं आणि निवड मेथड्समध्ये. सरांच्या सांगण्याने दोन्ही एका जागी आली.

२२ ऑगस्टला, शुक्रवारी, ईमेल पाठवला. २७ तारखेला गणपती होते आणि आमच्यातले दोघे कोकणात जाणार होते, म्हणून उत्तराची मुदत मी मुद्दाम अनंत चतुर्दशीनंतरची, ८ सप्टेंबर ठेवली. सणाच्या आठवड्यात मुदत ठेवली की लोक घाईत ‘ठीक आहे’ लिहून टाकतात, आणि खरे आक्षेप नंतर मसुद्यावर निघतात. ईमेल जवळजवळ जसाच्या तसा देते, कारण कोणाला तरी सुरुवात करायला उपयोगी पडेल.

विषय: खाडी पेपर, विभागांचा नवा क्रम, ८ सप्टेंबरपर्यंत मत हवं

नमस्कार सर, मॅडम आणि मित्रहो,

काय बदलणार नाही ते आधी सांगते. मोजमापांचे आकडे, आकृत्यांमधली माहिती आणि लेखकांच्या नावांचा क्रम आहे तसाच राहील. मजकूर कुठे यावा, कुठले भाग एकत्र करावेत आणि कोणता भाग कोणी पुन्हा लिहावा, एवढ्याबद्दलच हा ईमेल आहे.

कारण असं: दुसऱ्या समीक्षकाच्या तिसऱ्या मुद्द्याचं उत्तर आपल्या ३.६ मध्ये आहे, पण ते पाच धातूंच्या नंतर येतं. कणांच्या आकाराशिवाय एकाही धातूची तुलना करता येत नाही, म्हणून तो भाग सगळ्यांत आधी यावा.

रिझल्ट्समध्ये तीन उपविभाग सुचवते. ३.१ मध्ये कणांचा आकार आणि अॅल्युमिनियम (जुना ३.६). ३.२ मध्ये पृष्ठभागावरच्या गाळातले धातू (जुने ३.१ ते ३.५ एकत्र, पाचही धातूंचा एकच तक्ता, मजकूर फक्त जे वेगळे वागतात त्यांच्यावर). ३.३ मध्ये कोअर (जुना ३.७). डिस्कशनचे तीन उपविभाग याच क्रमाने. खाडीचं वर्णन फक्त २.१ मध्ये, १.२ मधून ते काढून. १.३ चं भूशास्त्र: बेसॉल्ट आणि पार्श्वभूमीचा भाग २.४ मध्ये, एक परिच्छेद २.१ मध्ये, उरलेलं पुरवणीत.

डिस्कशनमधलं औद्योगिक पट्ट्याच्या कालखंडाचं वाक्य काढावं असं मला वाटतं, कारण आपल्या कोअरचं वय मोजलेलं नाही. यावर वेगळं मत असेल तर जरूर कळवा.

प्रत्येक भाग एकाने लिहायचा आणि एकाने तपासायचा. मॅडम: ३.२ आणि ४.२, तपासणी पुण्याहून. सर: २.४, तपासणी मॅडमची. पुणे: ३.१ आणि ४.१, तपासणी माझी. ऐरोली: २.१ आणि २.२, तपासणी सरांची. मी: ३.३, ४.३, आणि सगळं झाल्यावर इंट्रोडक्शन, गोषवारा, निष्कर्ष, समीक्षकांना उत्तर. ३.३ आणि ४.३ ची तपासणी सरांची.

जुना कुठला परिच्छेद नव्या रचनेत कुठे गेला याचा तक्ता सोबत आहे. मसुदा जोडलेला नाही, कारण क्रम ठरेपर्यंत कोणी लिहायला घेऊ नये अशी विनंती आहे.

८ सप्टेंबरपर्यंत उत्तर आलं नाही तर क्रम मान्य आहे असं धरेन. शेवटच्या मसुद्याला मात्र प्रत्येकाचा लेखी होकार लागेल, तिथे गप्प राहणं म्हणजे होकार धरता येणार नाही.

यातल्या दोन गोष्टींबद्दल थोडं सांगते. पहिलं वाक्य ‘काय बदलणार नाही’ हे असण्याचं कारण असं की विभाग हलले की माणूस मनातल्या मनात आपलं नाव हललं का ते बघतो. तो प्रश्न पहिल्या ओळीत मिटवला तर पुढचं शांतपणे वाचलं जातं. दुसरं, गप्प राहण्याचे दोन अर्थ वेगळे ठेवले. रचना हा उलटवता येण्यासारखा निर्णय आहे, तिथे मुदत संपली की पुढे गेलेलं चालतं. पण छापायला जाणाऱ्या मसुद्याला होकार देणं हा लेखक असण्याच्या अटींपैकीच एक भाग आहे. वैद्यकीय संपादकांच्या आयसीएमजेई समितीच्या चार निकषांत तो स्पष्ट आहे, आणि इतर विषयांची बरीच जर्नलंही तसंच मागतात.

तक्त्यात चार रकाने होते: जुना विभाग आणि परिच्छेद क्रमांक, समासातलं ते एक वाक्य, नवी जागा, आणि कोणाकडे. नवी जागा नसलेल्या परिच्छेदापुढे ‘काढावा’ किंवा ‘पुरवणी’ असं लिहिलेलं, रिकामं काहीच नाही. रकाना रिकामा राहिला की तो परिच्छेद शांतपणे गळून पडतो आणि महिन्याभराने कोणाच्या तरी लक्षात येतं.

सरांचं उत्तर त्याच रात्री आलं, दोन ओळींचं. पुण्याहून रविवारी आलं आणि त्यात एक नेमकी सूचना होती: रिझल्ट्सचा क्रम बदलतो आहेस तर मेथड्सचाही बदल. आमच्या मेथड्समध्ये धातूंचं विश्लेषण २.३ ला होतं आणि कणांचा आकार २.५ ला. वाचक मेथड्समध्ये ज्या क्रमाने वाचतो त्याच क्रमाने रिझल्ट्सची वाट बघतो. त्यामुळे कणांचा आकार २.३ ला आला, पार्श्वभूमी २.४ ला राहिली आणि धातू २.५ ला गेले.

मॅडमचं उत्तर गणपतीनंतर आलं आणि ते फक्त मला होतं, सगळ्यांना नाही. त्यांनी लिहिलं होतं की पाच उपविभाग एकत्र केले तर क्रोमियमचा भाग दोन वाक्यांत संपेल आणि त्यासाठी केलेली मेहनत दिसणार नाही. मी त्यांना फोन केला. बराच वेळ बोललो. ठरलं ते असं की तक्ता पाचही धातूंचा, पण मजकुरात गुणोत्तर काढल्यावरही ज्यांचा फरक टिकतो ते धातू आधी आणि सविस्तर, ज्यांचा नाहीसा होतो ते एका परिच्छेदात एकत्र. क्रोमियम टिकणाऱ्यांत होता. त्याला जुन्यापेक्षा जास्तच जागा मिळाली आणि कारणही वाचकाला कळेल असं. मॅडम म्हणाल्या, “मग मी लिहिते. आणि हे सगळ्यांना कळव, आपल्या दोघींतच नको.” ती सूचना मी त्याच संध्याकाळी सगळ्यांना लिहून कळवली. फोनवर ठरलेली गोष्ट लेखी आली नाही तर ती फक्त दोघांची राहते.

ऐरोलीच्या सहकाऱ्याचं उत्तर आलं नाही. मुदत संपल्यावर मी नियमाप्रमाणे पुढे जाऊ शकले असते, पण आमच्यात तो सगळ्यांत लहान आहे आणि गप्प राहण्याचा अर्थ त्याच्या बाबतीत वेगळा असू शकतो, म्हणून फोन केला. तो म्हणाला, “ताई, सगळं बरोबर आहे. फक्त १.२ मधलं भरती-ओहोटीचं जे होतं ते तक्त्यात ‘काढावा’मध्ये गेलंय. नमुने ओहोटीलाच घेतले, ते कुठे राहील?” ते वाक्य खाडीच्या वर्णनात होतं, पण खरं तर ती पद्धत होती. ओहोटीला उघड्या पडलेल्या गाळावरून नमुना घेतला की भरतीने नुकता आणलेला पातळ थर वेगळा ओळखता येतो. ते २.२ ला गेलं. तो फोन केला नसता तर ते पेपरमधून गेलंच असतं. क्रमाबद्दल मत न देणाऱ्याला ‘तुझ्या भागातलं काही हरवलंय का?’ असं विचारावं, ‘तुला मान्य आहे का?’ असं नको.

९ सप्टेंबरला हलवाहलव सुरू केली. इथे एक नियम कडक पाळला: हलवताना एक शब्दही सुधारायचा नाही. वर्डमध्ये ट्रॅक चेंजेस चालू ठेवून परिच्छेद हलवले आणि त्याच वेळी शब्दही बदलले, तर हलवलेला परिच्छेद एका जागी पूर्ण खोडलेला आणि दुसरीकडे पूर्ण नवीन दिसतो. त्यात बदललेलं वाक्य कोणते ते शोधता येत नाही. म्हणून ट्रॅक चेंजेस बंद करून फक्त हलवलं, ती फाईल `creek_ms_v7_reordered.docx` या नावाने ठेवली, आणि तीच सगळ्यांना पाठवली. त्यानंतरचं प्रत्येकाचं लिखाण ट्रॅक चेंजेस चालू ठेवून.

संदर्भ झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममधून घातलेले होते. परिच्छेद कापून चिकटवताना मूळ स्वरूप ठेवूनच चिकटवायचं, नुसता मजकूर म्हणून चिकटवलं तर संदर्भाचा दुवा तुटतो आणि कंसातलं नाव साधं अक्षर होऊन बसतं. दिसायला तसंच दिसतं, म्हणून पटकन कळत नाही. त्यावर क्लिक केलं की आख्खा संदर्भ राखाडी होत नाही, ही खूण. आकृत्यांचे क्रमांक क्रॉस-रेफरन्सने घातलेले असतील तर Ctrl+A आणि मग F9 दाबल्यावर सगळे नव्याने लागतात. हाताने टाईप केलेले क्रमांक मात्र लागत नाहीत. आमच्या सहाव्या आकृतीचा उल्लेख आता पहिल्या आकृतीनंतर लगेच येत होता, म्हणजे ती दुसरी झाली, आणि पुरवणीतल्या आकृत्यांचे उल्लेख हाताने लिहिलेले होते. ते मी छापील प्रतीवर पेन्सिलने एकेक जुळवले.

हलवल्यावर आणखी एक गोष्ट तपासावी लागते: ओळख होण्याआधी वापरलेले शब्द. धातू पार्श्वभूमीच्या किती पट आहे ते सांगणाऱ्या ‘एनरिचमेंट फॅक्टर’ची व्याख्या जुन्या ३.१ मध्ये पहिल्यांदा आली होती. तो विभाग दुसरा झाल्यावर नव्या ३.१ मध्ये तो शब्द व्याख्येशिवाय उभा होता. प्रत्येक लघुरूप आणि संज्ञा शोधून तिची पहिली जागा बघितली की हे सापडतं.

लेखनाची मुदत २२ सप्टेंबर, घटस्थापनेचा दिवस, ठेवली होती. चार जणांचे भाग वेळेत आले. मॅडमचा थोडा उशिरा आला, पण ३.२ आणि ४.२ वाचल्यावर उशिराबद्दल काहीच वाटलं नाही. पाच धातूंचं एकत्र लिखाण जुन्याच्या साधारण निम्म्या लांबीचं झालं होतं आणि तांब्याचा मुद्दा, जो आधी ४.२ मध्ये हरवला होता, तो आता बेसॉल्टच्या पार्श्वभूमीसह स्पष्ट उभा होता. इंट्रोडक्शन आणि गोषवारा मी शेवटी लिहिले. आधी लिहिले असते तर जुन्या क्रमाचंच वचन वाचकाला दिलं गेलं असतं.

समीक्षकांना उत्तर लिहिताना एक अडचण येते. त्यांच्या मुद्द्यांत जुन्या फाईलचे ओळ क्रमांक असतात आणि आता ती ओळ भलत्याच जागी असते. आमचा तो तक्ता इथे परत कामाला आला. संपादकांच्या पत्रात सुरुवातीलाच तीन वाक्यांत रचना का बदलली ते सांगितलं, आणि प्रत्येक मुद्द्याखाली जुना क्रमांक, नवा विभाग, नवी ओळ असं दिलं. नवे ओळ क्रमांक सगळ्यांत शेवटी भरायचे, फाईल पूर्ण गोठल्यावर.

६ ऑक्टोबरपर्यंत पाचही लेखी होकार आले. सरांनी होकारासोबत २.४ मध्ये एक स्वल्पविराम सुचवला. ९ तारखेला पेपर पुन्हा सादर केला.

नोव्हेंबरच्या शेवटी दुसऱ्या फेरीचं उत्तर आलं, मायनर रिव्हिजन. दुसऱ्या समीक्षकाने कणांच्या आकाराबद्दल काहीच विचारलं नाही. आता त्यांचा एकच प्रश्न होता: कोअरच्या सगळ्यात खालच्या थरातलं तांबं खरोखर बेसॉल्टमधलंच आहे हे कशावरून? ते उत्तर सर लिहीत आहेत.